दाभणबाईंचा आडवा काठ

मी भांडण ऐकायला गेले नव्हते, भांडणच माझ्याकडे चालत आलं. आमच्या आणि शेजारच्यांच्या खोल्यांच्या मधे एक भिंत होती, ती पण नावाला. पलीकडे कोणी कूस बदलली तर इकडे आमच्या कपबशा हलायच्या. त्या दिवशी मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते आणि पलीकडे दोन जावांची जुंपली.

मोठी म्हणत होती, "टोपी तुझी म्हणून मिरवतेस, पण डोक्यावर बसते ती माझ्या काठामुळे. माझा काठ काढून घे, मग बघ. कोंबड्या झाकायचं डालगं होईल नुसतं."

धाकटी म्हणाली, "होऊ दे डालगं. पण तुमच्या पायऱ्या झिजवणं बस झालं."

"अगं, क्रोशाला ताण नसतो. ते रुमालाला लेस लावायचं काम. ताणायचा काठ फक्त दोन सुयांवर होतो, एक सुलट एक उलट. हे माझ्या आईनं सांगितलंय."

"तुमच्या आईला क्रोशा येत होता का?"

"नव्हता येत."

"मग तिला काय ठाऊक?"

मी घडी हातात धरून बसले. मग परत धाकटीचाच आवाज आला, अगदी सपाट. "या खेपेच्या बावीस टोप्या मी सगळ्या एकटी करणार. काठासकट. नाही बसल्या गोदामातल्या मुकादमाच्या माणसांच्या डोक्यावर, तर क्रोशाची सुई तुमच्या हातात आणून देईन आणि पुन्हा लोकरीला शिवणार नाही."

"आणून दे. मी चुलीची राख उकरायला वापरीन," मोठी म्हणाली, आणि दार आपटलं. आमच्या कपबशा हलल्या.

ही धाकटी म्हणजे आमची दाभणबाई. तिचं नाव काही वेगळं होतं, पण ते तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागायचं. लग्नाआधीपासून ती गावाबाहेरच्या थंड गोदामात पोती शिवायला जायची. बटाटा आला की पोतं भरायचं आणि दाभणानं, सुतळीनं तोंड शिवून टाकायचं. दिवसाला शंभर-सव्वाशे पोती. तिनं शिवलेलं पोतं ट्रकमधून खाली पडलं तरी एक बटाटा बाहेर यायचा नाही. पुढे गोदामात शिवायचं यंत्र आलं आणि तिचं काम गेलं, पण नाव राहिलं. स्वभावही तसाच, सरळ आणि टोकदार.

गोदामात आत बर्फासारखी थंडी. हमाल लोक उन्हातून आत जायचे, पेट्या रचायचे, परत उन्हात यायचे. कान आणि मनगटं गारठून जायची. मुकादमानं विकतच्या टोप्या आणून बघितल्या, पण त्या दोन धुण्यांत डोळ्यांवर यायला लागल्या. पेटी डोक्यावर आणि टोपी डोळ्यांवर, मग पाय कुठे पडतो ते देवाला ठाऊक. म्हणून दाभणबाई टोप्या विणून द्यायला लागली, आणि बोटं उघडी ठेवलेले हातमोजे. टोपीचा डोक्यावरचा गोल ती क्रोशानं करायची. काठ मात्र मोठी जाऊ दोन सुयांवर टाके उचलून लावायची. म्हणजे दर टोपीमागे खालच्या मजल्यावर जायचं, जावेच्या दारात उभं राहायचं, "जाऊबाई, सवड आहे का" विचारायचं आणि तिला सवड होईपर्यंत तिच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकायची. भांडण त्याचं होतं. लोकरीचं नव्हतं.

आता बोलून तर बसली, पण काठ येतो कुठे? महिनाअखेरीला सफरचंदांच्या पेट्या यायच्या होत्या. त्याआधी टोप्या हव्या होत्या.

पहिल्यांदा तिनं टोपीलाच खाली मुक्या खांबांच्या, म्हणजे क्रोशाच्या आखूड उभ्या टाक्यांच्या, चार-पाच ओळी गोल घातल्या. काठ झाला, पण तो ताणेना. उलट बाहेर फाकला. तिच्या नवऱ्याला घालायला लावली तर तो शेड लावलेल्या दिव्यासारखा दिसायला लागला. मग तिनं आतून नाडीचं रबर ओवलं. नवऱ्यानं ती टोपी संध्याकाळभर घातली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर लोकांनी त्याला विचारलं, कपाळाला काय लागलं.

"राहू दे ना," तो मला म्हणाला, "तुम्ही तरी सांगा तिला. माझं डोकं एकच आहे."

मी काय सांगणार. मीच तिला वेगळ्या कामात अडकवलं होतं. माझ्या बाजाराच्या पिशवीचा पट्टा तुटला होता, तो नवा करून दे म्हणून मागे लागले होते. ती म्हणाली, पट्टा घट्ट हवा, स्लिप टाक्याचा करते. स्लिप टाका म्हणजे सगळ्यात बुटका टाका. सुई घालायची, धागा ओढायचा, तो तसाच सुईवरच्या कडीतून बाहेर. उंची अशी काही नाहीच. तीन बोटं रुंदीच्या आखूड ओळी, उलट फिरत फिरत. कंटाळवाणं काम, पण जाड आणि टिकाऊ होतं.

तर त्या पट्ट्याची पिशवी घेऊन मी बाजारात गेले. दोन किलो कांदे घेतले. निघताना पिशवी कमरेशी होती, वाटेत गुडघ्याशी आली, आणि आमच्या जिन्याशी पोचेपर्यंत ती माझ्या मागून पायऱ्या चढत होती. मी तशीच दाभणबाईच्या दारात गेले.

"हा पट्टा केलास की झोपाळा?"

तिनं कांदे काढून बाजूला ठेवले. पट्टा ओढला. सोडला. तो आपोआप आखडला. परत ओढला, परत सोडला. मग खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरला.

"माझं चुकलंय," ती म्हणाली, "टाक्याच्या माथ्यावर दोन धागे असतात ना, पुढचा नि मागचा. दोन्हींत सुई घालायची. मी नुसत्या मागच्यात घातली आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"मग उसव."

"उसवते कशाला? बघ तरी."

मी बघितलं. मागचा धागा उचलल्यामुळे पुढचा मोकळा राहिला होता, आणि दर दोन ओळींमागे एक उंचवटा आणि एक खाच तयार झाली होती. तिनं पट्टा उभा होता तो आडवा धरला आणि माझ्या कपाळाभोवती गुंडाळला. खाचा उभ्या आल्या. अगदी तिच्या जावेच्या सुलट-उलट काठासारख्या. ओढला की उघडणार, सोडला की मिटणार.

"काठ खालून वर विणायचाच नाही," ती म्हणाली. "आडवा विणायचा. पट्टी करायची डोक्याभोवती जाईल एवढी लांब, आणि मग वळवून लावायची."

त्या दिवशी तिनं मला चहासुद्धा विचारला नाही. कांदे मी स्वतः उचलून आणले.

आता एवढं सापडल्यावर झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण युक्ती सापडणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं.

पहिली पट्टी तिनं बारा टाक्यांची सुरू केली. चार बोटं रुंद, टोपीच्या काठाला पुरेल अशी. निम्म्यावर आली तेव्हा ती गाजरासारखी दिसायला लागली, वर जाड आणि खाली निमुळती. स्लिप टाक्याच्या ओळीत शेवटचा टाका असा लपून बसतो की तो आहे हेच कळत नाही. ती तो सोडून उलटत होती. बाराचे अकरा, अकराचे दहा, आणि शेवटी सहा. मग दर ओळीला बोटांनी मोजायचं ठरलं. उलटताना साखळीचा एक टाका, मग पहिला टाका धरून बारा, आणि बारावा सापडला नाही तर पुढे जायचं नाही.

दुसरी अडचण तिच्या हाताची. पोती शिवलेला हात. ती टाका घातला की आवळायची. स्लिप टाका आवळला की पुढच्या ओळीला त्यात सुई शिरत नाही. ती सुई घुसवायची, दात खायची आणि परत आवळायची. शेवटी तिनं एक मापानं मोठी सुई घेतली आणि मला समोर बसवलं.

"तू बोलत राहा," ती म्हणाली. "काहीतरी चांगलं बोल. हात सैल राहतो."

मी बोलत राहिले. माझ्या भावाच्या म्हशीबद्दल, आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या पोपटाबद्दल. चांगली हातभर पट्टी छान सैल झाली. मग माझ्या तोंडून सहज निघालं, की तुझ्या जाऊबाई आज जिन्यात भेटल्या होत्या, हसत होत्या. झालं. पुढच्या आठ ओळी इतक्या आवळल्या गेल्या की पट्टीला तिथे कंबर आली. ती पट्टी तिनं बरेच दिवस ठेवली होती. कुठे जावेचा विषय निघाला ते बोट लावून दाखवता यायचं.

पण हळूहळू हात बसला. टोपीची पट्टी एकशे बारा ओळींची. उंचवटे मोजायचे तर छप्पन, कारण दोन ओळींचा एक उंचवटा. तशीच ठेवली तर डोक्यापेक्षा चार-पाच बोटं आखूड, म्हणजे डोक्यावर ताणून नीट बसणार. मग पट्टीची दोन टोकं जवळ आणायची, पीळ पडला नाही ना बघायचं, आणि शेवटची ओळ पहिल्या साखळीला बारा टाक्यांनी जोडून टाकायची. कडं तयार. हातमोज्याच्या मनगटाला तेच, फक्त चाळीस ओळींचं.

आठवड्यात तिनं सहा टोप्यांचे नि हातमोज्यांच्या एका जोडीचे काठ केले आणि लावूनही टाकले. लावताना मी नव्हते, माहेरी गेले होते. मी असते तरी मला कळलं नसतं म्हणा.

मुकादम माप बघायला घरी आला तो दुपारचा. भला दांडगा माणूस, डोकं कलिंगडाएवढं. त्याच्या डोक्यावर बसली ती सगळ्यांच्या बसणार, असा हिशेब. मी दारात उभी होते. आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर, हातात दोन सुया घेऊन, मोठी जाऊ. वर यायचं नाही आणि खाली जायचं नाही अशी.

"काठ नवा दिसतोय," मुकादम म्हणाला. "जाऊबाईंचा नव्हे?"

"माझा," दाभणबाई म्हणाली.

त्यानं काठ दोन्ही हातांनी ओढला. काठ छान रुंदावला. त्यानं मान डोलावली आणि टोपी डोक्यात घातली. काठ कपाळावर आला, कानाच्या टोकापर्यंत उतरला, आणि तिथे थांबला. पुढे जाईना. मुकादमानं ओढली. दाभणबाईनं स्टुलावर चढून वरून दाबली. टोपी जशी होती तशी डोक्याच्या शेंड्यावर, अंड्यावर बाटलीचं बूच ठेवावं तशी.

"कान?" मुकादम म्हणाला.

"येतील. जरा मान खाली घ्या."

"बाई, मान किती खाली घेऊ. कान जिथे आहेत तिथेच राहणार."

मग हातमोजा. मनगटाच्या काठातून बोटं गेली, पंजा निम्मा गेला, आणि मुठीच्या हाडांवर अडकला. आत जाईना, आणि आता बाहेरही निघेना. मुकादम एका हातानं टोपी धरून, दुसरा हात पुढे करून खोलीच्या मध्यात उभा राहिला. दाभणबाईचा नवरा बघून म्हणाला, "मला वाटलं होतं फक्त मलाच असं होतं."

जिन्यातून हसण्याचा आवाज आला. मोठी पायऱ्या चढून वर आली. मला वाटलं, आता ही सुई मागणार. दाभणबाईलाही तेच वाटलं असावं, कारण तिनं टेबलावरची क्रोशाची सुई उचलून मुठीत धरली. बावीस टोप्या राहिल्या बाजूला, जन्मभराचं विणणं त्या सुईत आलं होतं.

पण मोठीचा हात आधी टोपीकडे गेला. ज्याला विणता येतं त्याला दुसऱ्याचं विणलेलं हातात घेतल्याशिवाय राहवत नाही, मग ते सात पिढ्यांचं वैर का असेना. तिनं मुकादमाच्या डोक्यावरची टोपी ओढून घेतली. काठ ताणला. सोडला. परत ताणला. उलटा करून बघितला. तिचं हसू गेलं.

"हा क्रोशानं केलास?"

"दुसरं काय आहे माझ्याकडे."

"काठाला काही झालेलं नाही," मोठी म्हणाली. हे वाक्य तिला जड गेलं असणार, कारण ते म्हणताना ती मुकादमाकडे बघत होती. "काठ चांगला आहे. मेलीनं जोड मारून टाकला आहे. हे बघा." तिनं काठ आणि टोपी जिथे मिळतात तिथे नख लावलं. "दुहेरी धागा घेऊन शिवलंय. घट्ट. काठ ताणतोय, वरचा गोल थोडा ताणतोय, आणि मधे ही दोरी बांधून ठेवली आहे. डोकं जाणार कुठून? अगं, तू पोतं शिवलंस. आत बटाटे नाहीत, माणसं आहेत."

दाभणबाईनं टोपी हातात घेतली. शिवणीवर बोट फिरवलं. तिला पटलं ते दिसत होतं, पण तिनं मान हलवली नाही.

"उसवणार नाही म्हणून घट्ट शिवलं," ती म्हणाली.

"घट्ट काही टिकत नाही. मी टाके उचलते ते सैल उचलते. आणि अंदाजानं उचलत नाही. चार पिना लावते, चार ठिकाणी. तुला एवढी वर्षं कधी बघावंसं वाटलं नाही, दारात उभी राहून घड्याळ बघायचीस."

"तुम्ही सुनांबद्दल बोलायच्या."

"बरं," मुकादम म्हणाला, "माझ्या हाताचं काय?"

हात सोडवायला सगळ्यांना लागावं लागलं. मोठीनं शिवण कात्रीनं कापली, मी मोजा धरला आणि दाभणबाईनं पंजा ओढला. मुकादम गेला तो शनिवारी परत येतो सांगून. मोठी जाताना आपल्या कमरेच्या पिशवीतून चार पिना काढून टेबलावर ठेवून गेली. "परत दे," एवढंच म्हणाली.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, दाभणबाईनं सगळं उसवलं. शिवणच उसवली, काठ आणि गोल तसेच ठेवले. मग काठाची कड समोर ठेवून बसली. गोलाला शेवटच्या फेरीत चौऱ्याऐंशी खांब. काठाच्या कडेला ओळींची टोकं एकशे बारा. एकास एक लावावं तर काठाच्या अठ्ठावीस ओळी उरतात. दर उंचवट्याला एक लावावा तर खांब उरतात. तिनं चार पिना काठाला लावल्या, चौदा-चौदा उंचवट्यांवर, आणि गोलाला एकवीस-एकवीस खांबांवर दोऱ्याच्या खुणा बांधल्या. खुणेला पिन लावली. मग बोटं मोजत बसली. दोन उंचवट्यांना तीन टाके. सात वेळा दोन म्हणजे चौदा, सात वेळा तीन म्हणजे एकवीस. पिनेपाशी बरोबर पोचतं.

"कागदावर कर," मी म्हटलं.

"कागद आला की मला चुकायला होतं."

टोपी आणि काठ सुलट बाजू आत करून एकत्र धरायचे आणि दोन्हींतून सुई घालून मुका खांब, सैल, धागा नुसता वर येऊ द्यायचा. ओढायचा नाही. मी समोर बसून म्हशीबद्दल बोलत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. दर चार-पाच टाक्यांनी ती जोड ताणून बघायची. ताणला की टाके थोडे उघडायचे आणि परत मिटायचे.

शनिवारी मुकादम आला. आधी हात मागे ठेवून उभा राहिला. टोपी घातली. काठ कपाळावरून सरकला, कानांवर उतरला आणि बसला. त्यानं डोकं डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं, वाकला, ताठ झाला. टोपी जागची हलली नाही. मग हातमोजा घातला, काढला, परत घातला.

"काढून ठेवू ना इथे?" दाभणबाईनं विचारलं.

"कशाला. आहे ती राहू दे," तो म्हणाला आणि बाहेर रणरणत्या उन्हात टोपी घालून चालता झाला.

दाभणबाई पिना घेऊन खाली गेली. मी भिंतीला कान लावला नव्हता, पण खालच्या खोलीचं बोलणं जिन्यातून वर येतंच. मोठी म्हणाली, "बसली?" ही म्हणाली, "बसली." मग मोठी म्हणाली, "माझ्या सांगण्यानं." ही म्हणाली, "जोड तुमच्या सांगण्यानं. काठ माझा." मग मोठी म्हणाली, "बस, चहा घेऊन जा." आणि सुनांची गाऱ्हाणी सुरू झाली. दाभणबाई त्या दिवशी तासभर बसली. घड्याळ बघितलं की नाही ते मला माहीत नाही.

त्यानंतर बावीसच्या बावीस टोप्या तिनं पुऱ्या केल्या, आणि पुढे दरवर्षी नव्या. पायऱ्या झिजवणं बंद झालं. उलट दहा-बारा वर्षांनी मोठीच्या बोटांचे सांधे धरले. दोन सुया धरवेनात. एकदा ती नातवाचा अर्धवट स्वेटर घेऊन वर आली. अंग झालं होतं, बाह्यांची मनगटं राहिली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "सवड आहे का?"

दाभणबाई म्हणाली, "बसा. जरा वेळ लागेल." आणि तिला आमच्या घरातल्या उंदरांपासून सगळं ऐकवलं. मी तिथेच होते. मोठी निमूट ऐकत होती. मनगटं झाली तेव्हा तिनं जोड नखानं ओढून बघितला, आणि काही बोलली नाही. मोठीनं काही न बोलणं हे फार मोठं प्रशस्तिपत्रक.

दाभणबाईची शेवटची खेप गेल्या वर्षीची. पायांना सूज होती, डॉक्टरांनी फिरू नको म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, गोदाम काही लांब नाही. टोप्या तीनच होत्या, नव्यानं लागलेल्या हमालांच्या. मी सोबत गेले. वाटेत दोनदा बसली. गोदामाच्या फाटकाशी तिला खुर्ची दिली ती तिनं घेतली नाही, खुर्चीवर बसून डोक्याला हात पोचत नाही म्हणाली. एकेकाला पुढे बोलावलं. वाकायला लावलं. टोपी घातली, काठ कानांवर ओढला, दोन बोटं काठाखाली घालून फिरवली.

"मान हलव," ती म्हणाली.

त्यानं हलवली. टोपी हलली नाही. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याचं डोकं लहान निघालं, टोपी जरा सैल. तिनं ती परत घेतली, पिशवीत टाकली आणि म्हणाली, "चार उंचवटे कमी करते. उद्या आणते." आम्ही सावलीच्या बाजूनं घरी आलो. तिनं जिना चढायला वेळ घेतला. खिडकीशी बसून चष्मा लावला, टोपीचा काठ आणि गोल यांमधला जोड उसवला, पट्टीचं टोक सोडवलं आणि ओळी मागे घ्यायला लागली, एक, दोन, तीन, ओठ हलवत.